ब्रँड अँबॅसिडर म्हणून निवड झाली, पण आधी तीन वस्तू विकत घ्या म्हणतायत. काय करावं?

शेंडेफळाची_ताई
मंडळी, जरा लवकर सल्ला हवाय. माझी धाकटी बहीण सतरा वर्षांची आहे, इन्स्टावर कपडे, दागिने, केसांच्या स्टाइल वगैरेचे रील टाकते. फॉलोअर्स १,४०० च्या आसपास, त्यातले निम्मे तिच्याच ओळखीतले. परवा एका फोटोखाली कमेंट आली, "तुझं फीड फार आवडलं, कोलॅबसाठी आमच्या मेन पेजला डीएम कर", आणि पुढे एका दागिन्यांच्या पेजचं नाव. तिने लगेच केला. दोन मिनिटांत उत्तर आलं की अभिनंदन, तुझी अँबॅसिडर म्हणून निवड झाली आहे, साइटवरून कुठल्याही तीन वस्तू निवड, तुला स्पेशल कोड देतोय त्यावर ६०% सूट मिळेल, शिपिंग तेवढं तुझ्याकडून, वस्तू आल्या की फोटो टाकून आम्हाला टॅग कर. मग तिच्या नावाचा कोड मिळणार, तिच्या फॉलोअर्सना १५% सूट आणि तिला प्रत्येक ऑर्डरवर २०% कमिशन.

घरात दोन दिवस धुसफूस चाललीये. ती म्हणते, "फुकट नाहीये म्हणूनच खरं आहे, फ्रॉड असता तर फुकट म्हणाले असते." मला काहीतरी खटकतंय पण नेमकं काय ते सांगता येत नाहीये. कार्टमध्ये तिन्ही वस्तू पडून आहेत आणि कोड आज रात्री संपतोय म्हणे.

रोखठोक
पैसे मागितले की फ्रॉड. विषय संपला. पैसे घेतील आणि ब्लॉक करतील, काही येणार नाही. सायबरला तक्रार करा आणि पेज रिपोर्ट करा.

रीलवाला_दोस्त
ताई, १,४०० फॉलोअर्सवर कोलॅब येणं म्हणजे भारीच की! तिला सांगा आधी एक छान मीडिया किट बनव, एकच पान, त्यात कुठल्या विषयावर कंटेंट करते, सरासरी व्ह्यूज किती, ऑडियन्स कुठल्या वयाचा, ईमेल बायोमध्ये, आणि रोज निदान एक रील. मी असंच करत गेलो, आठ महिन्यांत तीन बार्टर कोलॅब मिळाले, म्हणजे वस्तू फुकट आणि बदल्यात एक रील.

शेंडेफळाची_ताई
दोस्ता, धन्यवाद, पण मी कोलॅब कसे मिळवायचे ते विचारत नाहीये 😅 हे जे आलंय ते कोलॅब आहे का, एवढाच प्रश्न आहे.

रीलवाला_दोस्त
अरे हो, घाईत वाचलं. पण बघा, माझ्या तिन्ही वेळा मी एक पैसा दिला नाही, शिपिंगसुद्धा त्यांचंच. म्हणजे उत्तर आलंच की यात.

पडद्यामागे
मी सहा वर्षं ब्रँडच्या बाजूने क्रिएटर शोधायचं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रोखठोक, तुमचा सूर बरोबर आहे पण तपशील चुकतोय, आणि तोच तपशील इथे महत्त्वाचा आहे. वस्तू बहुतेक येतील. उशिरा, साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, पण येतील. म्हणूनच ही गोष्ट इतकी वर्षं चालते. पार्सल आलं की मुलगी "फसले" म्हणत नाही, रीतसर फोटो टाकते, टॅग करते, आणि तो फोटो बघून पुढची मुलगी डीएम करते. तक्रार करायला कोणी उरतच नाही. रिपोर्ट करून काय लिहिणार, वस्तू मागवली, वस्तू आली?

आता हिशोब बघा. किमतीचं सोडा, साइटवरच्या एका दागिन्याची छापील किंमत १०० धरा. ६०% सूट म्हणजे ४०. बहिणीला कार्टमध्ये शिपिंग नीट बघायला सांगा, माझा अंदाज आहे की ते ऑर्डरमागे नसून वस्तूमागे लावलेलं असेल. वस्तूमागे १५ धरलं तर एक दागिना ५५ ला, तीन १६५ ला. आता त्याच दागिन्याचा फोटो इमेज सर्चमध्ये टाका. होलसेल साइटवर तोच फोटो, तीच सावली, तोच हात सापडेल, आणि सुटा एक पीस साधारण ८ ला. तीन पीस २४ आणि पाठवणावळ १० धरली तरी ३४. उरले १३१. हे त्यांनी कोणाकडून कमावले? तुमच्या बहिणीकडून. फॉलोअर्स अजून चित्रात आलेलेही नाहीत.

१०० ही किंमत मुळात कोणी देतच नाही, ती ६०% सूट द्यायला छापलेली असते. अँबॅसिडर हा त्या धंद्याचा जाहिरातदार नाही, तोच गिऱ्हाईक आहे.

शेंडेफळाची_ताई
आत्ताच कार्ट उघडून बघितलं. शिपिंग खरंच वस्तूमागे आहे. मला वाटलं होतं एकदाच लागेल.

इमेज सर्च केलं, पहिल्या दोन वस्तूंचे फोटो पाच-सहा साइटवर सापडले, प्रत्येक ठिकाणी ब्रँडचं नाव वेगळं. तिसरीचा नाही सापडला. ती म्हणते तो "त्यांचा स्वतःचा डिझाइन" असणार.

पडद्यामागे
फोटो उलटा करून टाका, म्हणजे आरशात दिसतो तसा. बरेच जण फोटो फ्लिप करतात किंवा कडा कापतात म्हणून सर्चला सापडत नाही. त्यावरही नाही सापडला तर नाही सापडला, प्रत्येक गोष्ट सिद्ध झालीच पाहिजे असं नाही.

अर्धीभाकर
पण पेजला ब्लू टिक आहे का ते बघा ना आधी. टिक असेल तर कंपनी खरी, नसेल तर खोटी, सोप्पं आहे.

फोकसमध्ये
हे जुनं झालं हो. २०२३ पासून टिक दरमहा पैसे भरून मिळते. टिकेने एवढंच कळतं की त्या अकाउंटमागे कोणीतरी ओळखपत्र दाखवलंय. ती व्यक्ती काय विकते आणि कशी विकते याच्याशी टिकेचा काही संबंध नाही. त्यापेक्षा पेजवर तीन टिंबं दाबून "या अकाउंटबद्दल" मध्ये जा, अकाउंट कधी उघडलं, आधी किती वेळा नाव बदललं हे बऱ्याचदा दिसतं. मी एकदा बघितलं तर दागिन्यांच्या पेजचं नाव चार वेळा बदललेलं होतं.

सतरावं_वरीस
नमस्कार, मीच ती बहीण. ताई, धागा काढायच्या आधी एकदा मला विचारायचंस तरी 🙄

ठीक आहे, हिशोब कळला. पण तुम्ही सगळे कमिशन विसरताय. तीन वस्तूंचे पैसे ही माझी इन्व्हेस्टमेंट समजा. २०% कमिशन कोणी देत नाही. दहा जणींनी घेतलं तरी वसूल. आणि माझे रील चारशे-पाचशे जण बघतात.

पडद्यामागे
बरं झालं आलीस, तुझ्याशीच बोलायला हवं होतं.

तुझा आकडा बरोबर आहे, दहाच. तुझ्या कोडवर गिऱ्हाइकाला वस्तू ८५ ला, त्याचे २०% म्हणजे १७, आणि १६५ वसूल व्हायला दहा ऑर्डर लागतात. आता हे दहा कोण, ते तू मला सांग. रील पाचशे जण बघतात, पण ओळखीतल्या मैत्रिणी सोडल्या तर त्यातले किती जण बायोतली लिंक उघडून, पत्ता भरून, पैसे देऊन दागिना घेतील? आम्ही बघायचो तेव्हा व्ह्यूजच्या शंभरातून एकदोन जण लिंक उघडायचे, आणि लिंक उघडणाऱ्यातले बहुतेक शिपिंग बघून परत फिरायचे. तुझ्या पाचशेतून एक ऑर्डर आली तरी मी चांगली म्हणेन.

आणि एक काम कर, अटींच्या पानावर "पेआउट" शोध. कमिशन किती जमल्यावर काढता येतं ते तिथे असतं. बहुतेक ठिकाणी किमान रक्कम ठेवलेली असते आणि काही ठिकाणी अमुक महिन्यांत जमली नाही तर शून्य होते.

सतरावं_वरीस
बघितलं. तुमच्याच हिशोबात सांगायचं तर २०० जमल्यावर काढता येतं. ९० दिवसांत. म्हणजे बारा ऑर्डर.

पडद्यामागे
हं. आता मला सर्वात जास्त काय खटकलं ते सांगते. तू डीएम केल्यावर त्यांनी तुला काय विचारलं?

सतरावं_वरीस
काहीच नाही. नाव आणि कुठल्या वस्तू आवडल्या. आणि साइझ.

पडद्यामागे
मी कोणालाही वस्तू पाठवायच्या आधी इन्साइट्सचे स्क्रीनशॉट मागायचे. गेल्या ३० दिवसांचा रीच, स्टोरीला किती व्ह्यूज, बघणारे कुठल्या वयाचे, कुठल्या भागातले, बायका किती पुरुष किती. कारण आमचं गिऱ्हाईक तिथे असेल तरच मला वस्तू फुकट देणं परवडणार. मग ब्रीफ यायचं, म्हणजे रील किती सेकंदांचं, कुठली गोष्ट बोलायचीच आणि कुठली बोलायची नाही, कोणत्या तारखेपर्यंत, पेड पार्टनरशिपचं लेबल लावायचं, आणि तो व्हिडिओ आम्ही आमच्या जाहिरातीत किती महिने वापरू. या पत्रापत्रीत सहज आठवडा जायचा आणि क्रिएटर वैतागायचे.

दोन मिनिटांत निवड करणाऱ्याने तुझं फीड बघितलेलं नाही. त्याला तुझा ऑडियन्स कोण हे माहीत करून घ्यायची गरजही नाही, कारण त्याला ऑडियन्सला काही विकायचंच नाहीये. त्याने विचारलेले प्रश्न बघ, आवडती वस्तू आणि साइझ. हे दुकानदाराचे प्रश्न आहेत.

आईच्या_नजरेतून
माझ्या मुलाच्या बाबतीत असंच झालं म्हणून लिहिते, विषय थोडा वेगळा आहे, माफ करा. तो एकोणीस वर्षांचा. मॉडेलिंग एजन्सीकडून मेसेज, तुझा चेहरा कमर्शियल ॲडला योग्य आहे, ऑडिशनला ये. एका हॉलमध्ये बोलावलं, चाळीसएक मुलंमुली आपापल्या आईबाबांबरोबर. दहा मिनिटं चालायला लावलं, दोन फोटो काढले, आणि सगळ्यांना सांगितलं की तुम्ही शॉर्टलिस्ट झालात. मग आत एकेकाला घेऊन, आता पोर्टफोलिओ लागेल, आमच्याच फोटोग्राफरकडून काढावा लागेल कारण क्लायंट तोच फॉरमॅट मागतात, रजिस्ट्रेशनची फी वेगळी. आम्ही भरली. पोर्टफोलिओ मिळाला, फोटो छान आहेत, खोटं कशाला बोलू. काम एकही नाही. दीड वर्ष झालं. फोन केला की "तुमचं प्रोफाइल क्लायंटकडे गेलंय". आता याला फसवणूक म्हणायचं का हेच कळत नाही कारण फोटो तर दिले ना त्यांनी.

फोकसमध्ये
ताई, विषय अजिबात वेगळा नाही, तोच आहे. तिथे दागिना, इथे फोटो.

मी फोटोग्राफर आहे आणि मॉडेल्सचे टेस्ट शूट करतो म्हणून सांगतो. एजन्सीची कमाई मॉडेलला काम मिळालं की त्यातून कापलेल्या कमिशनवर असते. काम नाही तर तिलाही काही नाही, म्हणून ती मोजकीच मुलं घेते आणि बहुतेकांना नाही म्हणते. तुमच्या हॉलमधले चाळीसच्या चाळीस शॉर्टलिस्ट झाले ना, तिथेच कळायला हवं होतं. ज्याची कमाई कमिशनवर आहे त्याला चाळीस चेहरे परवडत नाहीत, ज्याची कमाई पोर्टफोलिओवर आहे त्याला चारशेही परवडतात.

पहिल्या भेटीला खऱ्या एजन्सीला पोर्टफोलिओ लागतच नाही. साधे फोटो लागतात, ज्यांना आम्ही डिजिटल्स म्हणतो. भिंतीसमोर, खिडकीच्या उजेडात, मेकअप नाही, केस मागे, अंगाला बसणारा साधा टीशर्ट, समोरून, बाजूने आणि पूर्ण उंचीचा. घरी मोबाइलवर निघतात. कॅलिफोर्नियात तर २००९ मध्ये कायदाच झाला आणि २०१० पासून लागू आहे, कलाकाराला काम मिळवून देण्यासाठी किंवा त्याचं प्रतिनिधित्व करण्यासाठी आगाऊ पैसे घ्यायला तिथे मनाई आहे. म्हणजे हा प्रकार किती बोकाळला असेल बघा.

रोखठोक
म्हणजे मी म्हणालो तेच. पैसे मागितले की फ्रॉड.

फोकसमध्ये
नाही हो, इतकं सरळ नसतं. घेतलेल्या मॉडेलला पुढे टेस्ट शूट, कार्ड छापणं, वेबसाइटवरचं पान असे खर्च येतात आणि काही चांगल्या एजन्सी ते आधी स्वतः करतात आणि मग पहिल्या कामांच्या पैशातून कापतात. त्यावरूनही भांडणं होतात, काही मुलं काम करूनही महिनोन्महिने एजन्सीच्या उधारीत असतात. पण तिथे आधी काम, मग कपात. आणि फोटो कोणाकडून काढायचे हे तुम्ही ठरवू शकता. "आमच्याच फोटोग्राफरकडे" म्हटलं की मी तरी उठून निघेन.

घरचा_उद्योग
मी दुसऱ्या बाजूने बोलतो, शिव्या घालायच्या आधी वाचा.

माझा मेणबत्त्यांचा छोटा धंदा आहे, मी आणि बायको. सुरुवातीला आम्ही क्रिएटर्सना फुकट बॉक्स पाठवले. अकरा पाठवले, चौघांनी पोस्ट टाकली, दोघांनी स्टोरी टाकली जी चोवीस तासांत गेली, बाकीच्यांनी मेसेज बघून उत्तरही दिलं नाही. त्यानंतर आम्ही नियम केला की आधी अर्ध्या किमतीत घ्या, पोस्ट टाकली की पैसे परत. आणि देतो आम्ही परत. मग मीही फ्रॉड का? अकरा बॉक्स म्हणजे आमच्यासाठी महिन्याचा नफा होता.

पडद्यामागे
तुम्हाला फ्रॉड म्हणणार नाही. पण समोरच्या सतरा वर्षांच्या मुलीला तुमच्यात आणि त्या दागिनेवाल्यात फरक कसा दिसणार? दोघांचा मेसेज एकच आहे, आधी पैसे, मग बघू. "पोस्ट टाकली की पैसे परत" हे वाक्य तर जास्तच धोक्याचं झालंय, कारण पहिल्या छोट्या ऑर्डरचे पैसे खरंच परत करायचे आणि विश्वास बसला की मोठी ऑर्डर करायला लावून गायब व्हायचं, हाही एक ठरलेला प्रकार आहे.

तुमच्या जागी मी पैसे क्रिएटरकडून घेण्यापेक्षा बॉक्स कमी पाठवले असते. अकराऐवजी तीन, आणि तेही जे आधीपासून मेणबत्त्यांबद्दल बोलतात त्यांना. दोन ओळींचा ईमेल करार, अमुक तारखेपर्यंत एक रील, नाही तर वस्तू परत.

घरचा_उद्योग
वस्तू परत कोण पाठवतं हो. बोलायला ठीक आहे. असो. मला पटलं नाही पण तुमचा मुद्दा कळला, आमचा मेसेज त्यांच्यासारखा दिसतो हे खरंय. निदान शब्द तरी बदलतो.

अर्धीभाकर
पण मग अँबॅसिडर प्रोग्रॅम म्हटला की खोटाच असं समजायचं का? माझी वहिनी एका मोठ्या ब्रँडची ॲफिलिएट आहे, तिला दर महिन्याला थोडेफार येतात.

पडद्यामागे
नाही, ॲफिलिएट ही वेगळी आणि सरळ गोष्ट आहे. वहिनीने फॉर्म भरला असेल, लिंक मिळाली, त्या लिंकवरून कोणी घेतलं तर तिला वाटा. तिने स्वतः काही विकत घेतलंच पाहिजे अशी अट नव्हती, बरोबर? आणि "तुझी निवड झाली" असंही कोणी म्हणालं नसेल, तिनेच अर्ज केला असेल. निवड झाल्याचं अभिनंदन, खरेदीची अट आणि रात्री संपणारा कोड ही तिन्ही एकत्र आली की मी पुढे वाचतही नाही.

सतरावं_वरीस
ऐका, मी एक उद्योग केला. त्यांच्या पेजवर टॅग झालेले फोटो असतात ना, ते खाली खाली जात बघितले. साधारण साठ पोस्ट मोजल्या. प्रत्येकीचं कॅप्शन जवळजवळ सारखंच, "शेवटी माझे आवडते आले" आणि पुढे स्वतःचं नाव आणि १५. साठमधल्या फक्त चौघींनी दुसऱ्यांदा त्यांचं काही टाकलं होतं. बाकी सगळ्या एकदाच. आणि कोणाचेही फॉलोअर्स तीन हजारांच्या वर नव्हते.

सात जणींना मेसेज केला, तिघींनी उत्तर दिलं. एक म्हणाली अजून पार्सलच आलं नाही, पाच आठवडे झाले. दुसरी म्हणाली छान आहे, नक्की कर, आणि लगेच स्वतःचा कोड पाठवला 😐 तिसरीचं उत्तर तसंच्या तसं टाकते: "एक ऑर्डर आली होती माझ्या कोडवर. मावशीने केलेली. कमिशन काढता आलं नाही. आता ते म्हणतात सीनियर अँबॅसिडर व्हायचं तर नवीन कलेक्शनमधल्या पाच घे."

रीलवाला_दोस्त
मावशीने केलेली 😂 सॉरी, पण माझ्या पहिल्या रीलला सात लाइक होते त्यातले चार मावश्या-आत्यांचेच होते.

पडद्यामागे
ही तपासणी मी सांगणार होते, तू आधीच केलीस. "एकदाच पोस्ट केलेल्या" हीच खूण. ब्रँडला एखाद्या क्रिएटरकडून विक्री मिळाली तर तो तिला सोडत नाही, परत परत बोलावतो. इथे प्रत्येकीकडून एकदाच मिळतं, मग नवीन मुलगी. आणि तीन हजारांच्या वरचे नाहीत कारण त्यांना एव्हाना खरे कोलॅब आलेले असतात, ते अशा मेसेजला उत्तर देत नाहीत.

दुसऱ्या मुलीवर चिडू नकोस. तिला बाराचा आकडा गाठायचाय, तू तिच्यासाठी संभाव्य ऑर्डर आहेस. हे असंच एकीकडून दुसरीकडे जातं.

आईच्या_नजरेतून
मला एक विचारायचंय, इथे मुली आहेत म्हणून. साइझ विचारली म्हणालात. पुढे हे लोक कुठले फोटो मागतात का? माझ्या मुलाला नंतर एका दुसऱ्याच "एजन्सी"कडून मेसेज आला होता, व्हिडिओ कॉलवर मापं दाखव म्हणून. तो मुलगा म्हणून मी तेव्हा हसून सोडलं.

फोकसमध्ये
हसून सोडू नका. तो पैशांचा प्रकारच नाही, तिथे फोटो हाच माल असतो. अठराच्या आतल्या मॉडेलबरोबर पालक किंवा पालकांनी ठरवलेलं मोठं माणूस असतं, आणि मापं लागली तर ती आकड्यांत लिहून पाठवतात, कॅमेऱ्यासमोर कपडे काढून नाही. बोलणं इन्स्टावरून दुसऱ्या ॲपवर न्यायची घाई केली की थांबायचं, स्क्रीनशॉट ठेवायचे, कारण तिकडे मेसेज आपोआप पुसायची सोय असते.

शेंडेफळाची_ताई
आमच्याकडे अजून तसं काही मागितलेलं नाही. पण अटींच्या पानावर एक ओळ सापडली, टॅग केलेला कुठलाही फोटो ते कायमचा, कुठेही, मोबदला न देता वापरू शकतात. म्हणजे पैसे आपण द्यायचे, फोटोही आपण द्यायचे.

पडद्यामागे
हो, आणि ती ओळ छोट्या अक्षरात असली तरी तिचा उपयोग ते करतात. तुमच्या बहिणीसारख्या साठ मुलींचे चेहरे फुकट मिळाले तर जाहिरातीसाठी मॉडेलला पैसे द्यायला नकोत. खऱ्या कामात हे हक्क वेगळे विकले जातात, तीन महिने, सहा महिने, कुठल्या माध्यमात ते लिहून. आणि अठराच्या आत असेल तर पालकांच्या सहीशिवाय मी तरी कोणाचा फोटो जाहिरातीत घेतला नसता.

सतरावं_वरीस
कार्ट रिकामं केलं. ताई, हसू नकोस.

आणि मी त्यांना लिहिलं की माझे इन्साइट्स पाठवते, तुम्ही एकच वस्तू फुकट पाठवा, मी आधी रील करून दाखवते. उत्तर दोन मिनिटांत: "अभिनंदन! तुझ्यासाठी खास ६५% चा कोड."

रोखठोक
🤣🤣 पाच टक्के वाढवले पोरीने.

सतरावं_वरीस
पण एक राहिलंय. माझ्या मैत्रिणीने मागच्या महिन्यात याच पेजवरून घेतलंय, मी तेव्हा तिला चिडवलं होतं की मला का नाही आलं. काल तिचं पार्सल आलं. साइटवर "स्टर्लिंग सिल्व्हर" लिहिलेलं, अंगठी घालून एक दिवस झाला तर बोट हिरवं. तिचे पैसे परत मिळतील का? कार्डने दिलेत, तिच्या आईच्या.

अर्धीभाकर
लोहचुंबक लावून बघा! चांदी चिकटत नाही. चिकटली तर खोटी.

फोकसमध्ये
चिकटली तर खोटी, हे खरं. पण नाही चिकटली म्हणून खरी होत नाही, पितळ आणि तांबंही चिकटत नाही. आणि बोट हिरवं होणं हाही पक्का पुरावा नाही, स्टर्लिंगमध्ये ९२.५% चांदी आणि उरलेलं बहुधा तांबंच असतं, काहींच्या घामाने तेही डाग सोडतं. सोनाराकडून तपासून कागदावर लिहून घ्या.

पडद्यामागे
तो कागद फार कामाचा आहे. नुसतं "मला अँबॅसिडर केलं पण कमिशन आलं नाही" यावर बँक काही करणार नाही, वस्तू घेतली आणि वस्तू आली. पण साइटवर स्टर्लिंग लिहून पितळ पाठवलं असेल तर "वर्णनाप्रमाणे नाही" या कारणाने आईला कार्डच्या बँकेकडे डिस्प्यूट टाकता येतो. आधी पेजला लिहून परतावा मागा, ते बहुतेक म्हणतील स्वखर्चाने परदेशातल्या पत्त्यावर परत पाठवा, ते उत्तरही जपून ठेवा. वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट आजच काढा, ही पानं बदलतात. डिस्प्यूटला मुदत असते, प्रत्येक बँकेची वेगळी, म्हणून आईने उद्याच फोन करावा. मिळतीलच असं म्हणत नाही.

आणि तिने पोस्ट टाकली आहे का अजून?

सतरावं_वरीस
हो, काल रात्रीच. कोडसकट. पार्सल उघडतानाचं रील आहे, तेव्हा बोट हिरवं झालं नव्हतं.

तिला सांगितलं तर म्हणते आता डिलीट कसं करू, चौऱ्याऐंशी लाइक आलेत.